न ऐकलेल्या शेवटाची गोष्ट

पत्र चाळता येतं. चार पानी पत्रात शेवटच्या पानावर एखादी महत्त्वाची ओळ असली, तर नजर तिथे आपोआप पोचते. आवाज मात्र चाळता येत नाही, तो पहिल्या सेकंदापासून शेवटच्या सेकंदापर्यंत ऐकावाच लागतो. व्हॉइस नोट्सच्या लिखित रूपातून कथा सांगायची, तर आवाजाचा हा गुण आधी ओळखावा लागतो, कारण अशा कथेतलं रहस्य, गैरसमज आणि फजिती बहुतेक वेळा त्यातूनच निघतात.

पत्रांमधून गोष्ट सांगण्याची रीत जुनी आहे. सॅम्युअल रिचर्डसनची ‘पामेला’ ही पत्ररूप कादंबरी १७४० सालची. आवाजाची अडचण कथेत आली ती ब्रॅम स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’मध्ये, १८९७ साली. त्यातला डॉक्टर सेवर्ड आपली रोजनिशी फोनोग्राफवर बोलून ठेवतो. मीनाला त्यातला एक भाग ऐकायचा असतो, तेव्हा त्याच्या लक्षात येतं की महिनोन्‌महिने बोलून ठेवलेल्या त्या ध्वनिमुद्रणातला नेमका भाग कसा शोधायचा हेच आपल्याला ठाऊक नाही. शेवटी मीना सगळं ऐकून टाइप करते, आणि वाचकापर्यंत पोचतं ते हे टाइप केलेलं रूप. आज फोनोग्राफची जागा खिशातल्या मोबाइलने घेतली आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस नोट २०१३ साली आली आणि दीडपट, दुप्पट वेगाने ऐकायची सोय २०२१ साली. वेग वाढला, तरी शेवटी काय बोललं आहे ते शेवटपर्यंत गेल्याशिवाय कळत नाही.

आता एक गोष्ट रचून पाहू. आईबाबा साताऱ्यात राहतात आणि त्यांच्या लग्नाला चाळीस वर्षं होत आहेत. ताई नाशिकला, दादा पुण्याला आणि धाकटी चिऊ मुंबईला असते. वाढदिवस मेमधल्या रविवारी आला आहे. तिघांनी आईबाबांना वगळून एक ग्रुप काढला आहे. बेत असा, की दुपारी बारा वाजता साताऱ्याच्या घरी चाळीस माणसं, जेवण आणि केक घेऊन अचानक हजर व्हायचं.

अशा कथेत पहिली चूक पहिल्याच नोटमध्ये होते. वाचकाला माहिती द्यायच्या घाईत लेखक ताईच्या तोंडी असं वाक्य घालतो: “दादा, तुला माहीतच आहे की आपल्या आईबाबांच्या लग्नाला येत्या रविवारी चाळीस वर्षं पूर्ण होत आहेत.” कुठलीही बहीण भावाशी असं बोलत नाही. दोघांना ठाऊक असलेली गोष्ट सांगायचीच असेल, तर ती कशाला तरी लागून यायला हवी. हे पाहा:

ताई, सोमवार, रात्री १०.४०, २१ सेकंद
“केकवर ‘आईबाबा’ नको रे लिहायला. दोघांची नावं टाक, आणि खाली चाळीस. आकड्यात टाक, अक्षरात नको, गेल्या वेळी त्याने चाळीसचं चाळिश केलं होतं. (कुकरची शिट्टी) थांब, गॅस बंद करते. आणि काकूंना तू सांग, मी सांगितलं की त्या आईला फोन करतील.”

एकवीस सेकंदांत निमित्त कळलं, चाळीस वर्षं कळली, बेत गुप्त आहे हे कळलं आणि ताई कामं वाटणारी आहे हेही कळलं. कंसातली शिट्टी एकदाच आली आहे आणि तिने बोलणं तोडलं आहे. पार्श्वभूमीचे आवाज असे कामाला लावावे लागतात. प्रत्येक नोटमध्ये हॉर्न, पंखा आणि कुत्रा भरला, तर वाचक कंस सोडून पुढे जायला लागतो. ‘अं’, ‘म्हणजे’, ‘ऐक ना’ यांचंही तसंच. खऱ्या बोलण्यात ते ओळीओळीला असतात. कागदावर मात्र बोलणारा अडखळतो आहे किंवा काही टाळतो आहे, तिथेच ठेवावेत.

तिघांचे आवाज वेगळे ओळखू यायला हवेत. नावं झाकली तरी कोण बोलतंय ते कळलं पाहिजे. ताई सूचना देते. दादा आकडे बोलतो, किती माणसं, किती ताटं, कितीला पडलं. चिऊ मुद्द्यावर यायला वेळ लावते. स्वभावांची ही वाटणी निव्वळ रंगतीसाठी नसते, कथेतला अपघात त्यातूनच घडवायचा असतो:

चिऊ, गुरुवार, रात्री ११.०५, ३ मिनिटं ४८ सेकंद
“अगं ताई, ती साडी मिळाली, पण काठ हिरवा नाहीये, मोरपंखी म्हणावा तसा आहे. दुकानदार म्हणाला, दिव्यात वेगळा दिसतो. मग मी ती घेऊन बाहेर आले, उन्हात… (पुढे अडीच मिनिटं साडी, लोकल आणि ऑफिसातली सुट्टी) …आणि हो, दादा, कॅलेंडर बघितलंस का? रविवारी संकष्टी आहे. आई चंद्रोदयाशिवाय जेवणार नाही, आणि दोघं वाईला ढोल्या गणपतीला जातात बघ. दुपारचं ठेवू नका, रात्रीचं करा.”

दादा, शुक्रवार, सकाळी ८.१०, ९ सेकंद
“साडी चालेल गं. काठाचं काय एवढं. चाळीस ताटं फायनल केली, बाराची.”

दादाने साडीवर उत्तर दिलं, संकष्टीवर दिलं नाही. त्याने नोट कुठे सोडली ते वाचकाला नेमकं कळलं. ‘दादाने नोट पूर्ण ऐकली नाही’ असं कुणीही कुठेही म्हटलेलं नाही. या प्रकारच्या कथेतलं सर्वांत उपयोगी साधन हेच आहे: माणसाने काय ऐकलं नाही, ते त्याच्या उत्तरावरून दाखवायचं.

मग चिऊने पुन्हा का नाही सांगितलं, असा प्रश्न चोखंदळ वाचक विचारेलच. त्याचं उत्तर फोनच्या पडद्यावर आहे. ग्रुपमधल्या सगळ्यांनी नोट वाजवली की पाठवणाऱ्याकडचं माइकचं चिन्ह निळं होतं. नोट वाजवायला घेतली एवढंच ते चिन्ह सांगतं, शेवटपर्यंत ऐकली का ते सांगत नाही. चिऊने निळा माइक पाहिला आणि आपलं सांगून झालं असं धरलं. हे तिच्या पुढच्या नोटमध्ये एका ओळीत यावं: “दोघांनी ऐकलंय ना, मग झालं, मी डब्याचं बघते.”

संकष्टीची निवडही विचार करून केलेली आहे. लग्नाचा वाढदिवस तारखेने येतो आणि संकष्टी तिथीने, वद्य चतुर्थीला. त्यामुळे दोन्ही एका दिवशी येणं दरवर्षी घडत नाही, आणि एरवी जपून वागणाऱ्या मुलांच्याही ते ध्यानात राहत नाही. त्या रात्री चंद्र उगवायला नऊ-दहा वाजतात, म्हणून बारा वाजताचं जेवण मुळातच चुकतं. पावसाने मांडव पडला किंवा केक जमिनीवर सांडला, असे अपघात बाहेरून येतात. त्यांच्यावर हळहळता येतं, पण ते या घराचे नसतात. अपघाताचं कारण आईच्या उपवासात, मुलांच्या घाईत आणि चिऊच्या बोलण्याच्या सवयीत असेल, तर कथा याच चार भिंतींतली होते.

आता या प्रकाराची सर्वांत अवघड जागा येते. समारंभाच्या दिवशी सगळे एकत्र जमतात, आणि समोरासमोर उभी असलेली माणसं एकमेकांना व्हॉइस नोट पाठवत नाहीत. म्हणजे कथा ज्या क्षणाकडे धावते, नेमक्या त्याच क्षणी सांगण्याचं साधन संपतं. अनेक कथा इथे कोसळतात, कारण लेखक पात्रांना उगाच फोनवर बोलायला लावतो. त्यावर उपाय एकच, कुणीतरी उशिरा पोचलं पाहिजे. मुंबईहून निघालेली चिऊ खंबाटकी घाटात वाहतुकीत अडकते, आणि ताई-दादा दारात उभे आहेत:

ताई, रविवार, दुपारी १२.०६, १४ सेकंद
“चिऊ, कुलूप आहे. कुलूप! बाबांना फोन लावला तर आत वाजतोय. (आतून रिंग) ऐकू येतंय का तुला? आत वाजतोय. सगळे जिन्यात उभेत.”

चिऊ, १२.०९, ११ सेकंद
“वाईला गेले असतील. ताई, मी गुरुवारी सांगितलं होतं. शेवटपर्यंत ऐक.”

यानंतर दादाची एकही नोट नाही. सतत आकडे बोलणारा माणूस गप्प झाला आहे. नोट्सची कथा गप्प बसण्याचाही उपयोग करू शकते, फक्त तो माणूस आधी पुरेसा बोललेला असायला हवा. बारा-नऊनंतर पुढची नोंद थेट १२.३१ची असली, तरी मधली बावीस मिनिटं वाचक स्वतःच भरून काढतो. वेळेचे आकडे द्यायचे ते यासाठी. ते नुसती सजावट म्हणून आले, तर वाचक दुसऱ्या पानावरच त्यांच्याकडे पाहायचं सोडतो.

शेवट कुठून आणायचा? तिघांचा गुप्त ग्रुप आठवडाभर वाजत होता. त्या गडबडीत आईबाबा ज्यात आहेत तो घरचा नेहमीचा ग्रुप कुणी उघडलाच नाही. बारा एकतीसला ताई तो उघडते. तिथे सकाळची एक नोट पडून आहे, आणि आतापर्यंत ज्यांचा आवाज ऐकला नव्हता ते बाबा पहिल्यांदा बोलतात:

बाबा, रविवार, सकाळी ७.१०, १९ सेकंद
“आज संकष्टी आहे, तर वाईला जाऊन यावं म्हणतोय. नऊची गाडी आहे. तुमच्यापैकी कुणी येणार असाल तर कळवा, मग आम्ही नाही जात. आई म्हणते कुणाला उगाच धावपळ नको. फोन चार्जिंगला ठेवून जातोय, तो जुना झालाय.”

ही नोट घडली त्या क्रमाने, म्हणजे सकाळी सातलाच दिली असती, तर दुपारचं कुलूप वाचकाला आधीच कळलं असतं आणि फक्त वाट पाहणं उरलं असतं. चिऊचा इशारा क्रमाने द्यायचा, कारण धोका वाचकाला दिसायला हवा. बाबांची नोट मात्र ताई ऐकते तेव्हाच द्यायची, कारण ती अपघाताचा अर्थ बदलते. तोवर वाटत होतं की आईबाबा नेहमीच्या रिवाजाने निघून गेले. आता कळतं की ते दीड-दोन तास मुलांच्या एका शब्दासाठी थांबले होते, आणि मुलांनी तो शब्द आश्चर्याचा बेत जपण्यासाठी अडवून धरला होता. दादाने चिऊची नोट शेवटपर्यंत ऐकली असती, तर जेवणाची वेळ सावरली असती. बाबांची नोट कुणी उघडली असती, तर सगळा दिवसच सावरला असता.

कथा इथेच थांबवावी. संध्याकाळी आईबाबा परततील, चंद्र उगवल्यावर सगळे एका पंगतीला बसतील, पण ते सांगायला कुणाला व्हॉइस नोट लागणार नाही. मोह होतो तो ताईच्या माफीची एक लांब नोट जोडण्याचा. तो आवरायला हवा, कारण बाबांच्या एकोणीस सेकंदांत मुलांनी काय गमावलं ते सांगून झालेलं आहे, आणि माफी मागायची तर ताई ती समोर बसूनच मागेल.