दीड गुणाने हुकलेली फेरी

उपांत्य फेरीचा निकाल लागला तेव्हा पुण्यातल्या एका विधी महाविद्यालयाचा संघ दीड गुणाने मागे होता. तिसऱ्या दिवशी प्रशिक्षक मॅडमचं दोन पानी पत्र आलं. ‘छान लढलात’ हे शब्द त्यात कुठेच नव्हते. सरावाच्या वहीतल्या जुन्या नोंदी होत्या आणि त्यांच्यासमोर उपांत्य फेरीतल्या.

मूट म्हणजे काल्पनिक खटल्यावरचा युक्तिवाद. दोन स्पीकर बोलतात, रिसर्चर शेजारी बसून चिठ्ठ्या सरकवतो आणि न्यायाधीश वाक्य अर्धं असतानाच प्रश्न टाकतात. यंदाचा खटला एका जिल्ह्यातल्या इंटरनेटबंदीचा होता. संघ याचिकाकर्त्यांच्या बाजूने असल्याने 2020 चा अनुराधा भसीन निकाल हा त्यांचा मुख्य आधार. पण तो निकाल दुधारी आहे. अनिश्चित काळाची बंदी चालणार नाही, आदेश प्रसिद्ध करा, असं सर्वोच्च न्यायालय म्हणालं. काश्मीरमधलं इंटरनेट मात्र थेट सुरू करायला लावलं नाही, आदेशांचा फेरविचार प्रशासनाकडेच सोपवला.

पहिल्या सरावात मॅडमनी नेमकं हेच विचारलं होतं: “मग न्यायालयाने इंटरनेट सुरू करून दिलं का?” पहिली स्पीकर म्हणाली, “त्या मुद्द्याकडे मी येतेच,” आणि शेवटपर्यंत आली नाही. उपांत्य फेरीत तोच प्रश्न आला. या वेळी उत्तर होतं, “नाही, मायलॉर्ड. पण तिथे न्यायालयाने आदेश प्रसिद्ध करायला सांगितलं. आमच्या जिल्ह्यातला आदेश आजवर कोणी पाहिलेलाच नाही.” अडचणीची गोष्ट आधी कबूल करायची आणि मग आपला खटला वेगळा कसा ते दाखवायचं. पत्रातला सर्वांत मोठा परिच्छेद या एका उत्तरावर आहे, आणि ते योग्यच.

दुसरा स्पीकर पूर्वी प्रमाणशीरपणाच्या कसोटीच्या पायऱ्या पाठ म्हणून दाखवायचा. आता त्याने एकच पायरी धरली: याहून सौम्य उपाय होता का? फक्त समाजमाध्यमं बंद करून बँका आणि रुग्णालयांची जोडणी चालू ठेवता आली असती, हे त्याने खटल्यातल्या तपशिलावरून दाखवलं. न्यायाधीशांनी परिच्छेद क्रमांक विचारला तेव्हा रिसर्चरची चिठ्ठी आधीच त्याच्या हातात होती.

मग दीड गुण गेले कुठे? मॅडमच्या मते रिबटलमध्ये. प्रतिपक्ष म्हणाला होता की नियमांनुसार एक आदेश जास्तीत जास्त 15 दिवसांचा असतो, म्हणजे बंदी अनिश्चित नव्हतीच. खटल्याच्या कागदांत असे आदेश एकापाठोपाठ एक काढलेले होते. तेवढंच दाखवून द्यायचं होतं. संघाने मिळालेली दोन मिनिटं स्वतःचेच मुद्दे पुन्हा सांगण्यात घालवली.

पत्राच्या शेवटी सोमवारच्या सरावाची वेळ होती. त्या दिवशी संघाने सरकारी बाजू मांडायची होती.