बेरीज जुळली, तरी पिव्होट तपासा

सांगलीकडचा मसाल्याचा एखादा घाऊक व्यापारी घ्या. साठेक दुकानदार गिऱ्हाईक, पंधराएक प्रकारचा माल. वर्षभराच्या बिलांतल्या प्रत्येक मालाची एकेक ओळ धरली, तर एक्सेलमध्ये सहज चारेक हजार ओळी होतात. बिल क्रमांक, तारीख, ग्राहक, माल, किलो, रक्कम असे सहा रकाने. ही यादी वरून खाली कितीही वेळा वाचली तरी हाताला काही लागत नाही. मालकाचा प्रश्न मात्र साधा असतो: कोण काय नेतं, आणि महिन्यागणिक ते वाढतंय की घटतंय?

याचं उत्तर पिव्होट टेबल देतं. यादीत कुठेही क्लिक करून आधी `Ctrl+T` दाबायचं, म्हणजे पुढे खाली जोडलेल्या ओळीही यादीचाच भाग धरल्या जातात. मग `Insert` मधून `PivotTable`. उजवीकडे रकान्यांची नावं आणि खाली चार चौकोन दिसतात. ग्राहक ओढून `Rows` मध्ये टाकायचा, त्याच्याखाली माल, तारीख `Columns` मध्ये आणि रक्कम `Values` मध्ये. मधे एकही सूत्र लिहावं लागत नाही. रकान्यांची नावं ओढून तक्ता हवा तसा फिरवायचा, ही कल्पना १९९१ साली आलेल्या लोटस इम्प्रूव्ह या प्रोग्रामची. तिच्यामागे पिटो सालास हा संगणकतज्ज्ञ होता. १९९३च्या एक्सेल ५मध्ये पिव्होट टेबल आलं आणि लोक इम्प्रूव्हला विसरले.

तारखा आडव्या पसरल्या की कुठल्याही तारखेवर राइट-क्लिक करून `Group` निवडायचं आणि `Months` व `Years` दोन्ही उमटवायचे. नुसते `Months` घेतले, तर दोन वर्षांची यादी असताना गेल्या वर्षीचा एप्रिल आणि यंदाचा एप्रिल एकाच रकान्यात जाऊन बसतात. एप्रिल ते मार्च हिशेब ठेवणाऱ्यांना आणखी एक त्रास होतो. जानेवारी पहिला येतो आणि वर्षाची सुरुवात मधेच कुठेतरी दिसते.

साठ ग्राहक, पंधरा माल, बारा महिने म्हणजे १०,८०० चौकटी. एवढा तक्ता छापून भिंतीवर लावला तरी कोणी वाचणार नाही. म्हणून आधी फक्त ग्राहक आणि महिने बघावेत आणि ज्याच्याबद्दल शंका आली त्याचाच माल उघडावा, असं माझं मत आहे. तरी एक पेच राहतोच, कारण नुसती ग्राहकाची बेरीज कधीकधी चांगलीच फसवते.

उदाहरणापुरता एक ग्राहक घेऊ, ‘महालक्ष्मी किराणा’. एप्रिलमध्ये त्याची खरेदी २४,६०० रुपये, मेमध्ये २७,४००, जूनमध्ये २६,३००. गिऱ्हाईक जागेवर आहे असंच कोणीही म्हणेल. माल उघडला की वेगळंच दिसतं. एप्रिलमध्ये हळद १८,४०० आणि लोणचं मसाला ६,२००. मेमध्ये हळद १७,९०० आणि मसाला ९,५००. जूनमध्ये मसाला २६,३०० आणि हळदीची चौकट रिकामी! कैरीच्या हंगामाने हळदीची घट झाकून टाकली होती. जुलैत मसाला ७,१०० वर आला आणि हळद पुन्हा नाहीच, तेव्हा ग्राहकाच्या बेरजेतही ती घट दिसली. ग्राहक आणि माल दोन्ही धरून पाहणाऱ्याला ती महिनाभर आधी कळली असती.

पण फोन उचलून “काय शेठ, हळद दुसरीकडून घेताय वाटतं?” असं विचारण्याआधी थांबावं. रिकाम्या चौकटीचा अर्थ एवढाच, की त्या नावाने त्या मालाची त्या महिन्यात एकही ओळ नाही. जूनपासून बिलं बनवणारा मुलगा बदलला असेल आणि तो ‘हळद पूड’ऐवजी ‘हळद पावडर’ लिहीत असेल, तर पिव्होटच्या लेखी तो निराळा माल. ‘श्री महालक्ष्मी किराणा’ हाही निराळा ग्राहक. नावामागे चुकून पडलेली एक मोकळी जागासुद्धा पुरते. ती डोळ्यांना दिसत नाही, पण तक्त्यात एकच नाव दोनदा आलं की ओळखावी. `=TRIM(C2)` या सूत्राने ती जागा निघते. स्पेलिंगचे घोळ मात्र माणसानेच मिटवावे लागतात. त्यासाठी पिव्होटमधली नावांची यादी एकदा वरून खाली नजरेखालून घालणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. ग्राहक जीएसटी नोंदणीचे असतील तर नावाऐवजी पंधरा अक्षरी जीएसटी क्रमांक धरावा. एकाच व्यापाऱ्याची तीन प्रकारे लिहिलेली नावं त्याखाली आपोआप एकत्र येतात.

याहून वाईट गोष्ट तारखांची. संगणकाची मांडणी अमेरिकन असेल आणि यादी आपल्या पद्धतीने दिवस-महिना-वर्ष अशी आली असेल, तर ०५/०४ म्हणजे ५ एप्रिल हे एक्सेल ४ मे समजतं. १३/०४ मात्र त्याला उलगडत नाही, कारण तेरावा महिना नसतो. ती नुसता मजकूर म्हणून तशीच राहते. अशा यादीवर `Group` केलं की `Cannot group that selection` असा निरोप येतो, आणि तो आला तर नशीब समजावं. घाईत माणूस मजकूर राहिलेल्या तारखा तेवढ्या दुरुस्त करतो, निरोप जातो आणि प्रत्येक महिन्यातल्या पहिल्या बारा दिवसांची जवळजवळ सगळी विक्री भलत्याच महिन्यांत पडून राहते. ओळखायची खूण सोपी आहे. एक्सेल खरी तारीख चौकटीत उजवीकडे टेकवून दाखवतं आणि मजकूर डावीकडे. दोन्ही प्रकार एकाच रकान्यात दिसले की समजून जावं. ऑगस्टमध्ये काढलेल्या यादीत चालू वर्षाच्या डिसेंबरची विक्री दिसली तरी तेच. यावर यादी मूळ फाइलमधून पुन्हा आणावी आणि आणताना तारखेच्या रकान्याला `DMY` असं सांगावं.

इथे अनेक हिशेबनिसांची एक सवय आड येते. तक्त्याची शेवटची बेरीज विक्री रजिस्टरशी जुळली की ते फाइल बंद करतात. ही बेरीज काही चुका नक्की पकडते. रक्कम ‘१८,४००/-’ अशी मजकुरात लिहिली असेल तर ती बेरजेत शून्य धरली जाते, म्हणजे एकूण कमी भरते. बिलाची पूर्ण रक्कम प्रत्येक मालापुढे परत लिहिली असेल, तर ती अवाच्या सवा फुगते. पण नावांचा आणि तारखांचा घोळ एकही रुपया कमी-जास्त करत नाही. तो पैसे फक्त एका चौकटीतून दुसरीत नेतो. एकूण पैन्‌पै जुळतं आणि आतलं सगळं चुकलेलं असतं. म्हणून एका महिन्याची बेरीजही रजिस्टरशी ताडून पाहावी, आणि एखाद्या ओळखीच्या ग्राहकाचा आकडा त्याच्या खात्याशी.

शंका आलेल्या आकड्यावर डबल-क्लिक केलं की त्यामागच्या बिलांच्या ओळी नव्या पानावर उघडतात. महालक्ष्मीच्या मेमधल्या १७,९०० वर केलं तर हळदीची मेमधली बिलं तारखांसकट समोर येतात. मेमधला माल जुलैत परत आला असेल, तर त्याची क्रेडिट नोट मात्र जुलैतच वजा दिसते. हे नवं पान म्हणजे नुसती नक्कल असते. त्यात केलेली दुरुस्ती तक्त्यापर्यंत पोहोचत नाही. ‘हळद पावडर’ची ‘हळद पूड’ करायची ती मूळ यादीत, आणि मग `Data` मधलं `Refresh All` दाबायचं. ते दाबेपर्यंत तक्ता जुनेच आकडे दाखवत राहतो.