रात्री नाही

लंडन, नोव्हेंबर २०२५

२०२४ च्या मार्चमध्ये आमच्या रस्त्यावरच्या काका-काकूंच्या दिवाणखान्यात हॉस्पिटलची कॉट आली. बटण दाबलं की डोक्याकडून उचलली जाणारी, बाजूला कठडे असलेली, एकट्यापुरती. ती बसवायला आलेल्या दोघा माणसांनी सोफा खिडकीकडे सरकवला, तेव्हा काकूंनी मागे पडलेलं बोरकुटाचं जुनं पाकीट उचललं आणि म्हणाल्या, "म्हणजे आजपासून हे खाली आणि मी वर." त्यांच्या लग्नाला तेव्हा एकोणपन्नास वर्षं झाली होती.

काका मूळचे गिरगावचे, १९७४ साली इथे आले आणि रेल्वेतून निवृत्त झाले. त्यांना पार्किन्सन आहे, निदान झालं २०१३ मध्ये. हा आजार पहिल्यांदा ओळखला गेला तो याच शहरात. हॉक्स्टन भागात दवाखाना चालवणाऱ्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये 'थरथरत्या लकव्या'वर पुस्तिका लिहिली, त्यातल्या सहा रुग्णांपैकी काही त्यांनी रस्त्यातच पाहिलेले होते. थरथर सगळ्यांना दिसते. घरात राहणाऱ्याला मात्र दुसऱ्याच गोष्टी आधी कळतात. निदानाच्या कितीतरी वर्षं आधी काकांना फोडणीचा वास येईनासा झाला होता. झोपेत ते स्वप्नातल्या कुणाशी तरी मारामारी करत, लाथा झाडत. काकूंना वाटे, कामाचा ताण असेल.

मग चेहरा गेला. हे मला समजायला वेळ लागला, म्हणून नीट सांगतो. या आजारात मेंदूतलं डोपामिन कमी होतं आणि मनात नसताना आपोआप होणाऱ्या हालचाली मंदावतात. चालताना हात हलणं, डोळ्यांची उघडझाप, आणि ऐकता ऐकता चेहऱ्यावर उमटणारं हसू, हे सगळं त्यात आलं. माणूस आतून हसतो, पण ते हसू चेहऱ्यापर्यंत पोचत नाही. आवाजही इतका बारीक होतो की शेजारच्या खोलीत ऐकू जात नाही. काकू म्हणतात, "सकाळी चार वाजता उठून मी ह्यांचे कपडे बदलते, आणि समोर एक दगडी चेहरा माझ्याकडे बघत असतो. मला माहीत आहे तो आजाराचा चेहरा आहे. पण चार वाजता माहीत असून काय उपयोग?" पार्किन्सनच्या नर्सने त्यांना सांगितलं की शब्दांत विचारा, चेहऱ्यावरून ओळखू नका. तेव्हापासून त्या विचारतात, "बरं वाटलं?" आणि काका सावकाश म्हणतात, "हो." एवढा 'हो' मिळवण्यासाठी थांबावं लागतं, आणि थकलेल्या माणसाला थांबणंच सर्वांत जड जातं.

घरातली कामं कधी अदलाबदल झाली ते दोघांनाही सांगता येत नाही. गाडी काका चालवायचे. या आजाराची खबर वाहन परवान्याच्या कार्यालयाला देणं इथे कायद्याने बंधनकारक आहे, आणि मग परवाना थोड्या थोड्या वर्षांचाच मिळतो. तो संपला तेव्हा काकूंनी बसचे मार्ग पाठ केले. बँक, गॅसचं बिल, बॉयलरवाल्याशी हुज्जत, सगळं काकांकडे असायचं, ते काकूंकडे आलं. आणि गोळ्या आल्या. काकांची लेव्होडोपाची गोळी दिवसातून पाच वेळा, ठरल्या मिनिटाला, जेवणाआधी अर्धा तास घ्यायची असते, कारण वरण-डाळीतली, दुधातली प्रथिनं तिला आतड्यात अडवतात. गोळी वीस मिनिटं चुकली तर काका खुर्चीतून उठता उठता जागीच थिजतात. मध्यंतरी ते एका हॉस्पिटलात होते, तिथे गोळ्या वॉर्डच्या फेरीच्या वेळी मिळाल्या. चार दिवसांत त्यांचं चालणं गेलं, ते परत यायला दोन महिने लागले. तेव्हापासून काकूंच्या मनगटावरचं घड्याळ आंघोळीतही उतरत नाही.

आता या देशाविषयी. ब्रिटनमध्ये अशा माणसाला 'केअरर' हे नाव आहे. पगार घेऊन सेवा करणाऱ्यालाही तेच म्हणतात, आणि घरच्या माणसालाही. काकूंना हे नाव मुळीच आवडत नाही. "मी केअरर नाही, मी बायको आहे," असं त्या डॉक्टरांच्या दवाखान्यातही म्हणाल्या होत्या. या नावाचा इतिहास मात्र त्यांच्याच बाजूचा आहे. १९७६ मध्ये सरकारने काळजी घेणाऱ्यांसाठी भत्ता सुरू केला, तेव्हा लग्न झालेल्या बायकांना त्यातून वगळलं होतं. त्या तशाही घरीच असतात, असं त्यामागचं गृहीत होतं. जॅकलिन ड्रेक नावाच्या विवाहित बाईने आईची सेवा करायला नोकरी सोडली होती. तिने हा नियम युरोपीय न्यायालयात नेला आणि १९८६ मध्ये सरकारला तो बदलावा लागला.

तरीही काकूंना हा भत्ता मिळत नाही. आठवड्याला किमान पस्तीस तास सेवा करणाऱ्याला २०२५ मध्ये ८३ पौंड ३० पेन्स मिळत होते. पण सरकारी पेन्शन सुरू झालेली असेल आणि ती या रकमेहून जास्त असेल, तर भत्ता बंद होतो. काकू बहात्तर वर्षांच्या आहेत. नवऱ्याला उचलून बसवायची वेळ बहुतेक बायकांवर पेन्शनच्या वयातच येते, आणि नेमक्या तेव्हाच हा दरवाजा मिटतो. माझ्या मते हा सरळ अन्याय आहे.

पण दुसरा एक दरवाजा उघडा आहे, आणि या पत्राचं कारण तोच आहे. २०१४ च्या केअर कायद्याने घरी सेवा करणाऱ्या प्रत्येकाला स्वतःची पाहणी करून घेण्याचा हक्क दिला. आजाऱ्याची पाहणी वेगळी, सेवा करणाऱ्याची वेगळी. पैसा किती आहे हे त्या पाहणीसाठी पाहत नाहीत. कौन्सिलची बाई घरी येते आणि तासभर बोलते. काकूंनी सोबतीला मला बसवलं होतं. त्या बाईने विचारलं, "तुम्ही कशा आहात?" काकूंनी सांगितलं की परवा काका बाथरूममध्ये पडता पडता वाचले. तिने पुन्हा विचारलं. काकूंनी नव्या गोळीबद्दल सांगितलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हणाल्या, "ह्यांची भूक बरी आहे." बाईने पेन खाली ठेवलं. त्या क्षणी मलाही कळलं की अकरा वर्षांत मी त्यांना हाच प्रश्न विचारत आलो आणि हेच उत्तर घेऊन परत जात आलो.

मग तिने कायद्यात लिहिलेला तो प्रश्न विचारला. ही सेवा तुम्ही करू शकता का, एवढंच कायदा विचारत नाही. तुमची इच्छा आहे का, आणि पुढेही राहील का, हेही विचारतो. नाही म्हणण्याची मुभा त्यात धरलेली आहे. काकू माझ्याकडे बघायला लागल्या. आपल्याकडे हा प्रश्न बायकोला कुणी विचारत नाही. विचारला तर तो अपमान वाटेल. बराच वेळ त्या पदर बोटाला गुंडाळत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "दिवसा हो. रात्री नाही."

हे त्या कधीच कुणाला बोलल्या नव्हत्या, मुलालाही नाही. बाईने त्यांना सात रात्री वहीत लिहायला सांगितलं. किती वेळा उठलात आणि किती मिनिटं लागली, बस एवढंच. एका रात्रीचं पान असं होतं: ११.१० लघवी, कपडे बदलले, २५ मिनिटं. १.४० कुशीवर वळवलं, ५ मिनिटं. ३.०५ पायात गोळा, पाय चोळला, २० मिनिटं. ४.३० पुन्हा वळवलं. ५.४५ पहिली गोळी. सात रात्रींत मिळून त्या एकतीस वेळा उठल्या होत्या. सलग तीन तास झोप फक्त एकदा मिळाली होती. त्यांचा रक्तदाब वाढलेला असणं, मोतीबिंदूची तारीख दोनदा चुकणं, दुधाचं पातेलं तीनदा करपणं, काकांवर ओरडून मग स्वयंपाकघरात रडत उभं राहणं, हे सगळं त्या 'वय झालं' म्हणून खपवत होत्या.

त्या वहीने काम केलं. इथे पेन्शनच्या वयानंतर सहा महिन्यांहून जास्त काळ मदत लागणाऱ्या आजाऱ्याला 'अटेंडन्स अलाउन्स' मिळतो. त्याच्या अर्जात दिवस आणि रात्र वेगळी विचारतात. रात्री दोन किंवा जास्त वेळा, अथवा एकदाच पण वीसेक मिनिटं कुणाला उठावं लागत असेल, तर रात्रीची गरज धरली जाते. दिवस आणि रात्र दोन्ही असतील तर वरचा दर, २०२५ मध्ये तो आठवड्याला ११० पौंड ४० पेन्स होता. सरकारचे पैसे मागायचे नाहीत म्हणून या दोघांनी अकरा वर्षं हा अर्ज केलाच नव्हता. नर्सने तीच वही पाहून झोपायच्या वेळी सावकाश विरघळणारी गोळी सुरू केली, म्हणजे पहाटेचा गोळा कमी येईल. कमरेखाली साटीनचा पट्टा घालायला सांगितलं, त्यावरून काका थोडं जोर लावून स्वतःच वळतात. कॉटला लघवीची बाटली लटकवली. पाचाच्या जागी उठणं दोन-तीनवर आलं.

कौन्सिलने आठवड्यातून तीन तास सोबतीला माणूस दिला. रात्रीचा माणूस नाही दिला, तो क्वचितच देतात. एका रात्रीचा खर्च आठवड्याच्या त्या भत्त्याहून जास्त आहे, वरचे पैसे बचतीतून जातात. दर गुरुवारी एक बाई रात्री येते. पहिल्या गुरुवारी काकू वरच्या खोलीत झोपल्याच नाहीत, जिन्यात बसून कान देत राहिल्या. तिसऱ्या गुरुवारी सहा तास झोपल्या.

आणि शुक्रवारी सकाळी आंघोळ ती बाईच घालते. काकूंना याचं फार वाईट वाटलं होतं, माणसाची लाज परक्याच्या हाती कशी द्यायची म्हणून. घडलं ते वेगळंच. शुक्रवारी त्या पदराला हात पुसत येण्याऐवजी चहाचे दोन कप घेऊन येतात, कठडा खाली करतात आणि कॉटच्या कडेला बसतात. काकांचा कप त्याच धरतात, पण त्या वेळी अंगाला साबणाचा आणि औषधाचा वास नसतो. एकदा मी गेलो तेव्हा काका त्यांना काहीतरी सांगत होते आणि काकू कान त्यांच्या ओठांपाशी नेऊन ऐकत होत्या. काय म्हणाले ते त्यांनी मला सांगितलं नाही, लाजल्या.

सगळ्यांचं असं होत नाही. बचत नसलेल्या घरी रात्रीचा माणूस येतच नाही. रोज वेगळा मदतनीस येणाऱ्या घरी आजारी माणूस भांबावतो, आणि बायकोला नवऱ्याबरोबर मदतनिसालाही सांभाळावं लागतं. पुण्या-मुंबईत रात्रीची बाई ठेवणं अजून जमतं, काही घरांना. आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत पार्किन्सन आहे, जास्त आधार लागणाऱ्यांसाठी काळजीवाहू भत्त्याचा उल्लेखही आहे. 'तुमची इच्छा आहे का' हा प्रश्न मात्र तिथे कुणी बायकोला विचारत नाही.

तुमच्या नात्यात असं एखादं घर असेलच. या आठवड्यात फोन कराल तेव्हा काकांची चौकशी नंतर करा. आधी काकूंना विचारा, काल रात्री किती वेळा उठावं लागलं, आणि त्या आकडा सांगेपर्यंत फोन ठेवू नका.