हॉल तिकिटाच्या दिवशी क्लासने काय लिहावं?

तालुक्याच्या गावातला एखादा दहावीचा क्लास डोळ्यांसमोर आणा. तीसेक मुलं, दोन बॅचेस, दाराशी एक फळा आणि सरांच्या फोनवरचं व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस. जाहिरात म्हणून एवढंच. या स्टेटसवर वर्षभर काय दिसतं? संक्रांतीच्या शुभेच्छा, शिवजयंतीच्या शुभेच्छा, ‘परीक्षेसाठी बेस्ट ऑफ लक’ आणि मधूनमधून ‘प्रवेश सुरू’. प्रत्येक पोस्ट तारखेला धरून आहे, तरी ती कुणी थांबून वाचत नाही, कारण नेमकं तेच त्या दिवशी गावातल्या प्रत्येकाच्या स्टेटसवर असतं.

पोस्ट वेळेवर आली असं पालकाला वाटतं ते त्या संध्याकाळी त्याच्या घरात जो प्रश्न चाललाय, त्याचं उत्तर त्यात सापडलं तर. हॉल तिकिटाचंच घ्या. दहावीचं प्रवेशपत्र मंडळ ऑनलाइन देतं, शाळा ते छापते आणि मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्यानिशी मुलांच्या हाती देते. त्या दिवशी क्लासने लिहावं ते असं:

“आज हॉल तिकीट मिळालं असेल, तर घरी बसून चार गोष्टी बघा: मुलाचं आणि आईचं नाव, विषय, माध्यम, फोटो. काही चुकलं असेल तर उद्याच शाळेत जा. दुरुस्ती शाळेमार्फतच होते. एक झेरॉक्स काढून ठेवा. काही कळलं नाही तर सात ते आठ मी क्लासवर आहे.”

यात क्लासची स्तुती कुठेच नाही. पण शेवटच्या वाक्यामुळे चार पालक खरोखर येतात, आणि त्यांतले दोन क्लासच्या बाहेरचे असतात.

इथे एक गोष्ट बरेच क्लासचालक विसरतात. दहावीचा विद्यार्थी मार्चमध्ये क्लास सोडून जाणार असतो. फेब्रुवारी-मार्चच्या पोस्ट खऱ्या अर्थाने वाचत असतात ते आठवी-नववीचे पालक. ‘पुढच्या वर्षी आपल्या पोरावर ही वेळ येईल तेव्हा हे सर कसे वागतील’, हे ते बघत असतात, आणि निर्णय एप्रिल ते जूनच्या दरम्यान घेतात. म्हणून परीक्षेच्या दिवसांत ‘प्रवेश सुरू’ लिहू नये, असं माझं ठाम मत आहे. त्या काळात क्लास मुलांसोबत उभा आहे हे दिसलं, की प्रवेशाचं काम पुढे सोपं होतं.

बीजगणिताचा पेपर सुटला की दुपारीच उत्तरं टाकायची चढाओढ लागते. ती टाळावी. चाळीस गुणांतले किती गेले हे मोजत बसलेला मुलगा भूमितीचा अभ्यास करू शकत नाही. त्याऐवजी लिहावं, “आजचा पेपर झाला, त्यावर बोलायचं नाही. आज संध्याकाळी रचना आणि प्रमेयांच्या सिद्धता, फक्त दीड तास.” आईवडिलांनाही घरात काय बोलावं हे यातून कळतं.

सगळ्यात मोठी चूक होते ती मागच्या वर्षीची पोस्ट उचलून टाकण्यात. दहावीची लेखी परीक्षा 2024 साली 1 मार्चला सुरू झाली, तर 2025 साली 21 फेब्रुवारीलाच. निकाल 2024 मध्ये 27 मे रोजी लागला, पुढच्या वर्षी 13 मे रोजी. पुण्याच्या क्लासचं जूनचं पोस्टर विदर्भात चालत नाही. तिथे उन्हामुळे शाळा उशिरा उघडतात. 2025 साली इतरत्र 16 जूनला शाळा भरल्या, विदर्भात 23 जूनला. तारीख मंडळाच्या संकेतस्थळावर किंवा शाळेत पडताळूनच लिहावी. फिरत आलेलं ‘परीक्षा पुढे ढकलली’ असं पत्रक एकदा जरी स्टेटसवर गेलं, तर पुढची खरी सूचनाही लोक शंकेने वाचतात.

गावातल्या घडामोडींनाही हाच नियम लागू. विसर्जनाच्या दिवशी बाप्पाचं चित्र टाकण्यापेक्षा “मिरवणुकीमुळे बाजारपेठेचा रस्ता चारनंतर बंद, म्हणून संध्याकाळची बॅच सकाळी साडेसातला” हे जास्त उपयोगी. ग्रामदैवताच्या यात्रेत रात्री उशिरापर्यंत लाऊडस्पीकर असेल, तर पहाटेची बॅच तासभर पुढे नेल्याचं आदल्या दिवशी कळवावं. असं कळवणं बाहेरच्या मोठ्या क्लासला जमत नाही, कारण आपल्या गावची यात्रा कधी आहे हे त्याला ठाऊक नसतं.

निकालाच्या दिवशी मात्र हात आवरावा. मुलाचा फोटो आणि गुण टाकण्याआधी, निकाल लागल्यावर, त्याच्या पालकांची लेखी संमती घ्यावी. 50 हून अधिक विद्यार्थ्यांच्या क्लासेससाठी केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर 2024 मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांतही हेच आहे; लहान क्लासनेही ते पाळावं. त्या दिवशी कमी गुण पडलेली किंवा नापास झालेली मुलंही तेच स्टेटस बघत असतात. त्यांच्यासाठी पुरवणी परीक्षेचा फॉर्म शाळेतून भरायचा असतो आणि एखाद-दोन विषय राहिले तरी एटीकेटीने अकरावीला प्रवेश मिळू शकतो, एवढी माहिती पहिल्या तासात गेली पाहिजे.

याचा उपयोग होतोय का, हे स्टेटस किती जणांनी पाहिलं यावरून कळत नाही. पोस्टनंतर किती जणांनी उलट प्रश्न विचारला ते वहीत टिपावं, आणि जूनमध्ये प्रवेश अर्जावर ‘क्लासबद्दल कुठून कळलं’ ही एक ओळ ठेवावी.