अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची शुश्रूषा: गैरसमज आणि वस्तुस्थिती

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला मूळ आजाराखेरीज तीन संकटांचा धोका असतो: बेडसोअर, न्यूमोनिया आणि पायातल्या शिरांमध्ये रक्ताची गुठळी. तिन्हींचे मूळ हालचाल थांबण्यात आहे. हाड आणि गादी यांच्यामध्ये चेपलेल्या कातडीला रक्त पोचत नाही. फुप्फुसाच्या खालच्या भागात कफ साचून राहतो. चालताना पोटरीचे स्नायू पायातले रक्त वर ढकलतात, ते काम बंद पडल्यावर शिरांमधला प्रवाह मंदावतो. त्यामुळे शुश्रूषेचा गाभा औषधांत कमी आणि रुग्णाला कधी, कसे, किती वेळ ठेवायचे यात जास्त आहे.

सिंगापूरमध्ये ही शुश्रूषा बहुधा घरची हेल्पर आणि नोकरी करणारे मुलगा-सून किंवा मुलगी-जावई मिळून करतात. घरोघरी चालत आलेल्या समजुती याच कामात आड येतात.

गैरसमज १: हवेची गादी आणली की कूस बदलायची गरज नाही.

आळीपाळीने फुगणारी-बसणारी गादी दाब कमी करते, तो नाहीसा करत नाही. माकडहाड, खुबे, टाचा, घोटे आणि डोक्याचा मागचा भाग या जागा अशा गादीवरही चेपतात. गादीतली हवा कमी झाली तर रुग्ण थेट पलंगावर टेकतो आणि वरून ते कळतही नाही. म्हणून गादीखालून, माकडहाडाच्या बरोबर खाली, तळहात सरकवून पाहावे. हात आणि शरीर यांच्यामध्ये सुमारे अडीच सेंटिमीटर फुगलेला थर लागला नाही, तर गादी काम करत नाही असे समजावे.

दर दोन तासांनी कूस बदलणे ही सुरुवातीची वेळ आहे, अटळ नियम नाही. अमेरिका आणि कॅनडातील शुश्रूषागृहांत झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रुग्ण चांगल्या जाड फोमच्या गाद्यांवर होते. त्यांना दोन, तीन किंवा चार तासांनी वळवले, तरी बेडसोअरच्या प्रमाणात लक्षणीय फरक पडला नाही. मात्र कोणत्या रुग्णाला किती वेळ चालतो, हे त्याच्या कातडीवरूनच ठरते. वळवल्यावर अर्ध्या तासानेही लाली गेली नसेल, तर आधीचा वेळ जास्त झाला होता आणि पुढचा कमी करायला हवा.

गैरसमज २: लाल झालेली जागा तेलाने चोळावी, स्पिरिट लावावे, खाली गोल रिंग ठेवावी.

हे तीनही उपाय नुकसान करतात. लाल जागेखालच्या बारीक रक्तवाहिन्या आधीच दुखावलेल्या असतात, चोळल्याने त्या फाटतात. स्पिरिटने कातडी कोरडी पडून चिरते. रिंगच्या कडेने भोवतालच्या भागाचा रक्तप्रवाह दाबला जातो आणि मधली कातडी सुजते.

लाली दिसली की बोट तीन सेकंद दाबून सोडावे. जागा पांढरी पडून पुन्हा लाल झाली तर रक्त फिरते आहे. पांढरी पडलीच नाही तर तो बेडसोअरचा पहिला टप्पा आहे, कातडी फाटलेली नसली तरीही. सावळ्या कातडीवर लाली आणि पांढरेपणा दोन्ही नीट दिसत नाहीत. तेथे हाताने तपासावे: ती जागा शेजारच्या भागापेक्षा गरम किंवा गार, टणक किंवा भुसभुशीत लागते का, रुग्णाला तेथे दुखते का. जांभळा-काळपट डाग सर्वांत फसवा, कारण कातडी शाबूत दिसत असताना आतले मांस मेलेले असू शकते. तो डाग, फाटलेली कातडी, पू किंवा दुर्गंधी दिसल्यास त्याच दिवशी परिचारिकेला किंवा डॉक्टरांना दाखवावे.

उपाय एकच, त्या जागेवरचा भार काढणे. रुग्णाला पूर्ण कुशीवर झोपवले तर सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो. त्यापेक्षा खांद्यापासून कमरेपर्यंत मागे उशी लावून साधारण ३० अंशांत कलते ठेवावे. नंतर माकडहाडाखाली तळहात घालून ते मोकळे आहे का, हे पाहावे. पोटरीखाली लांब उशी ठेवली की टाचा अधांतरी राहतात, मात्र गुडघा ताणला जाऊ नये. रुग्णाला ओढून सरकवू नये. त्याच्याखाली आडवी घातलेली चादर दोघांनी धरून त्याला उचलूनच वर घ्यावे.

सिंगापूरच्या दमट हवेत घाम वाळत नाही. थेट मेणकापडावर झोपवलेल्या रुग्णाची कातडी ओलसर होऊन नाजूक बनते. डायपर ओला झाला की बदलावा, साध्या पाण्याने पुसून टिपून कोरडे करावे आणि झिंक ऑक्साइडच्या मलमाचा पातळ थर द्यावा. टाल्कम पावडर घामात भिजून तिच्या गुठळ्या होतात आणि त्या घड्यांमध्ये घासतात.

गैरसमज ३: न्यूमोनिया एसीच्या गारव्याने किंवा दही खाल्ल्याने होतो.

अंथरुणातल्या रुग्णाचा न्यूमोनिया पुष्कळदा तोंडातून येतो. गिळणे कमजोर झाल्यावर लाळ आणि अन्न श्वासनलिकेत उतरते आणि त्यासोबत दातांवरचे, जिभेवरचे जंतूही. जपानमधील ११ शुश्रूषागृहांतील वृद्धांचा दोन वर्षांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यात ज्यांचे तोंड काळजीवाहकांनी प्रत्येक जेवणानंतर स्वच्छ केले, त्यांच्यापैकी ११ टक्के जणांना न्यूमोनिया झाला. इतरांमध्ये हे प्रमाण १९ टक्के होते. दात नसलेल्या रुग्णाच्याही हिरड्या आणि जीभ ओल्या मऊ ब्रशने पुसाव्यात. कवळी रात्री काढून धुवावी.

भरवताना रुग्ण शक्य तितका ताठ बसलेला असावा आणि हनुवटी किंचित खाली असावी. लहान चमचा द्यावा आणि आधीचा घास गिळल्याशिवाय पुढचा देऊ नये. जेवणानंतर अर्धा ते एक तास त्याला आडवे करू नये. पातळ पाणी, चहा, पेज देताना ठसका लागतो किंवा आवाज ओलसर, घोगरा होतो, तर स्पीच थेरपिस्टकडून गिळण्याची तपासणी करून घ्यावी. पेय किती घट्ट करायचे, हे त्यांनीच ठरवायचे असते. ठसका न लागताही अन्न फुप्फुसात जाऊ शकते, म्हणून केवळ खोकला नाही यावर विसंबू नये.

येथे दोन गरजा एकमेकींच्या विरोधात जातात. डोके उंच असेल तर अन्न खाली राहते, पण शरीर पायाकडे घसरते आणि माकडहाडावरची कातडी ताणली जाते. म्हणून आधी पलंगाचा गुडघ्याकडचा भाग उचलावा, मग डोक्याकडचा. जेवण आणि त्यानंतरचा वेळ संपला की डोक्याकडची बाजू ३० अंशांपर्यंत खाली घ्यावी.

गैरसमज ४: नाकातून नळी घातली की अन्न फुप्फुसात जायची भीती संपली.

नळीने अन्न जठरात जाते, पण लाळ पूर्वीसारखीच घशात उतरते आणि जठरातले अन्न उलटूही शकते. त्यामुळे नळीच्या रुग्णालाही तोंडाची स्वच्छता लागते आणि नळीतून देताना व त्यानंतर डोके ३० ते ४५ अंश उंच लागते. प्रत्येक वेळी देण्यापूर्वी नळीवरची खूण नाकाशी जुळते का, हे पाहावे. सिरिंजने थोडा जठररस ओढून पट्टीवर तपासावा. पीएच ५.५ किंवा त्याहून कमी असावा. रस आला नाही किंवा पीएच जास्त आला, तर काहीही न देता परिचारिकेला विचारावे.

वृद्धांमध्ये न्यूमोनियात ताप येईलच असे नाही. एकाएकी सुस्ती, असंबद्ध बोलणे, खाणे बंद होणे हीच पहिली लक्षणे असू शकतात. श्वास पूर्ण एक मिनिट मोजावेत आणि नेहमीचा आकडा लिहून ठेवावा. शांत पडलेल्या रुग्णात ते मिनिटाला २४च्या वर जाऊन टिकले, तर डॉक्टरांना कळवावे. फ्लू आणि न्यूमोकोकल लसी ६५ वर्षांवरील व्यक्तींसाठी सिंगापूरच्या राष्ट्रीय प्रौढ लसीकरण वेळापत्रकात आहेत.

गैरसमज ५: पाय सुजला तर जोरात मालिश करावी, गुठळीसाठी मोजे आणि ॲस्पिरिन पुरतात.

अचानक एकच पाय सुजला, गरम किंवा लालसर झाला, तर मालिश अजिबात करू नये. गुठळीचा तुकडा सुटून फुप्फुसात अडकू शकतो. आशियाई लोकांना अशा गुठळ्या फारशा होत नाहीत, असे पूर्वी डॉक्टरही मानत. ती समजूत आता मागे पडली आहे.

घट्ट लांब मोज्यांबद्दल २००९ साली पक्षाघाताच्या २,५०० हून अधिक रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मोजे घातलेल्या आणि न घातलेल्या, दोन्ही गटांत सुमारे दहा टक्के रुग्णांना मोठ्या शिरांत गुठळ्या झाल्या. कातडीच्या जखमा मात्र मोजे घातलेल्या गटात पाच टक्क्यांना आणि न घातलेल्यांमध्ये एक टक्क्याला झाल्या. ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारे दुसरे औषध घरच्या घरी सुरू करू नये. मेंदूत रक्तस्राव झालेल्या रुग्णात ते घातक ठरू शकते. वर्षानुवर्षे घरी अंथरुणावर असलेल्या प्रत्येकाला असे औषध लागत नाही. नुकताच झालेला पक्षाघात, शस्त्रक्रिया, कर्करोग, नवा संसर्ग या काळात धोका अधिक असतो आणि तेव्हा निर्णय डॉक्टरांचा.

घरी करण्याजोगे म्हणजे पुरेसे पाणी, दिवसातून काही वेळा घोटा वर-खाली हलवणे आणि जमेल तेव्हा खुर्चीत बसवणे. एवढ्याने गुठळी हमखास टळते असा पुरावा नाही. सांधे मात्र आखडत नाहीत.

एक दिवस, प्रत्यक्षात

समजा, सेंगकांगच्या फ्लॅटमध्ये ७८ वर्षांचे आजोबा आहेत. पक्षाघाताने त्यांची उजवी बाजू लुळी पडली आहे, गिळता मात्र येते. सकाळी सातला तोंड स्वच्छ करून ताठ बसवून नाश्ता, नऊपर्यंत डोके उंच. नऊला डावीकडे कलते ठेवताना माकडहाड, खुबे आणि टाचा बघून घेणे, अकराला उजवीकडे. लुळ्या बाजूला दुखणे नीट जाणवत नसू शकते, म्हणून तेथे वेळ कमी आणि तपासणी जास्त. साडेबाराला पुन्हा बसवून जेवण. दुपारी अर्धा-पाऊण तासच खुर्ची, कारण खुर्चीतही माकडहाड चेपतेच. रात्री कातडी साथ देत असेल तर वळवण्यातले अंतर चार तासांपर्यंत नेता येते. त्यामुळे हेल्परलाही सलग झोप मिळते.

लुळा पाय एरवीही थोडा सुजलेला असतो. म्हणून आठवड्यातून एकदा गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून दहा सेंटिमीटर खाली दोन्ही पोटऱ्यांचा घेर टेपने मोजून लिहावा. तीन सेंटिमीटरहून अधिक फरक नव्याने दिसला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. एकाएकी धाप, छातीत दुखणे, भोवळ किंवा खोकल्यातून रक्त आल्यास लगेच ९९५ वर फोन करावा.

नागरिक आणि कायम रहिवासी रुग्णांच्या काळजीवाहकांना, हेल्परसकट, एजन्सी फॉर इंटिग्रेटेड केअरमार्फत प्रशिक्षणासाठी अनुदान मिळते. मुलाकडे दीर्घ मुदतीच्या व्हिजिट पासवर आलेल्या आईवडिलांना हे अनुदान लागू होत नाही. त्यांच्यासाठी रुग्णालयातून घरी येण्याआधीच वॉर्डातल्या परिचारिकेकडून कूस बदलणे, भरवणे आणि नळी तपासणे हाताने करून शिकून घ्यावे. शिकताना घरातली दोन माणसे हजर असावीत, कारण एकटी हेल्पर आजारी पडली तरी दुसऱ्या दिवशी सकाळी रुग्णाला वळवावेच लागते.