अर्ध्या मिलिमीटरचा हिशेब

बारावीच्या जीवशास्त्राच्या प्रात्यक्षिकात मायक्रोस्कोपवर स्लाइड लावायची वेळ येते तेव्हा बहुतेक विद्यार्थ्यांना पाठ केलेले वाक्य आठवते: आधी लो पॉवर, मग हाय पॉवर. बाहेरून आलेले परीक्षक त्यावर लगेच विचारतात, "का?" तिथे गाडी अडते. खरे तर ऑब्जेक्टिव्हचे टोक आणि कव्हरस्लिप यांच्यातल्या मोकळ्या जागेकडे एकदा बाजूने वाकून नीट पाहिले, तर त्या एका प्रश्नाचेच नव्हे, तोंडी परीक्षेतल्या निम्म्याअधिक प्रश्नांचे उत्तर समोर दिसते.

या अंतराला वर्किंग डिस्टन्स म्हणतात. वस्तू स्पष्ट दिसत असताना भिंगाचे टोक आणि कव्हरस्लिप यांच्यात जेवढी जागा उरते, ती ही. आपल्याकडच्या कॉलेजांमध्ये साधारणपणे १०× आणि ४५× असे दोन ऑब्जेक्टिव्ह असतात. १०× चे वर्किंग डिस्टन्स पाच-सात मिलिमीटर असते. ४५× चे जेमतेम अर्धा मिलिमीटर.

आता कांद्याच्या पापुद्र्याची स्लाइड घेऊ. कांद्याच्या मांसल पाकळीच्या आतल्या, खोलगट बाजूचा पातळ पापुद्रा चिमट्याने सोलायचा, पाण्याच्या थेंबात सुरकुती न पडता पसरायचा, सॅफ्रॅनिनचा एक थेंब द्यायचा, जास्तीचा रंग धुवायचा आणि कव्हरस्लिप तिरकी धरून सुईच्या आधाराने हळूहळू खाली टेकवायची. कव्हरस्लिप सरळ वरून टाकली तर हवा अडकते. मग भिंगाखाली जाड काळ्या कडेची वाटोळी वर्तुळे दिसतात आणि दरवर्षी कुणीतरी त्यांनाच पेशी समजून जर्नलमध्ये काढते. पेशीची भिंत शेजारच्या पेशीला चिकटलेली असते. बुडबुडा एकटा असतो आणि त्याची कड फार काळी असते.

स्लाइड स्टेजवर ठेवण्याआधी उजेड साधून घ्यावा. आरसा असलेल्या मायक्रोस्कोपला खाली कंडेन्सर असेल तर आरशाची सपाट बाजू वापरायची. किरण एकवटण्याचे काम कंडेन्सर करतो. कंडेन्सर नसेल तर अंतर्गोल बाजू, कारण मग ते काम आरशालाच करावे लागते. आरसा खिडकीकडे किंवा दिव्याकडे वळवावा, थेट सूर्याकडे कधीही नाही; एकवटलेले ऊन डोळ्याला कायमची इजा करू शकते. गोल पांढरे क्षेत्र सर्वत्र सारखे उजळले की मग स्लाइड ठेवावी, कव्हरस्लिप वरच्या बाजूला, पापुद्रा स्टेजच्या भोकाच्या बरोबर मध्ये, दोन्ही क्लिपांखाली घट्ट.

फोकस करायची खरी रीत इथून सुरू होते. नोजपीस फिरवून १०× टक्कन जागेवर बसवा. डोळा आयपीसला लावू नका. बाजूने पाहत कोर्स ॲडजस्टमेंटचा मोठा स्क्रू फिरवा आणि भिंग स्लाइडच्या जवळ आणा. मग आयपीसमधून पाहत तोच स्क्रू उलट दिशेने हळू फिरवा, म्हणजे भिंग आणि स्लाइड एकमेकांपासून दूर जाऊ लागतील. कुठेतरी गुलाबी रेषा उमटतील आणि चित्र येईल. जुन्या मायक्रोस्कोपमध्ये नळी वरखाली होते, नव्यात स्टेज, नियम तोच. आयपीसमधून पाहताना अंतर वाढत गेले पाहिजे, कमी होता कामा नये. अंतर कमी करताना नजर आत असेल, तर काच कधी आली हे कानालाच कळते, आणि तोवर कव्हरस्लिप तडकलेली असते.

चित्र आले की फाइन ॲडजस्टमेंटने ते धारदार करा आणि नीट पाहायची पेशी क्षेत्राच्या अगदी मध्ये आणा. ही पायरी घाईत गळते आणि पुढचा सगळा गोंधळ तिथूनच होतो. स्टेजवर पारदर्शक पट्टी ठेवून १०× मधून पाहिले, तर साध्या आयपीसमध्ये सुमारे १.८ मिलिमीटर रुंदीचे क्षेत्र दिसते. ४५× लावला की तेच क्षेत्र साडेचार पटींनी अरुंद होते, म्हणजे ०.४ मिलिमीटर उरते. क्षेत्रफळाच्या हिशेबाने आधी दिसत होते त्याच्या विसाव्या भागाएवढेच. कडेला असलेली पेशी हाय पॉवरला क्षेत्राबाहेर गेलेली असते आणि विद्यार्थी रिकामी काच फोकस करत बसतो. लो पॉवर आधी का, याचे हे पहिले उत्तर. दुसरे उत्तर ते अर्धा मिलिमीटर: एवढ्या अरुंद जागेत मोठ्या स्क्रूने शोधाशोध करणे म्हणजे भिंग काचेवर आदळणे.

याच क्षेत्रावरून पेशीची लांबीही काढता येते. १०× खाली लांबीच्या दिशेने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सहा पेशी मावल्या, तर १.८ भागिले ६, म्हणजे एक पेशी सुमारे ०.३ मिलिमीटर लांब. ४५× च्या ०.४ मिलिमीटर क्षेत्रात मग एक पूर्ण पेशी आणि दुसरीचा तुकडा दिसायला हवा. तसे दिसले तर तुमचा हिशेब बरोबर आहे. परीक्षकाला हे सांगणारा विद्यार्थी मला फार आवडतो, कारण त्याने पाहिलेले आहे.

पेशी मध्ये आली की नळी वर न उचलता, स्टेज खाली न घेता, बाजूने पाहत नोजपीस फिरवून ४५× आणा. चांगल्या मायक्रोस्कोपचे ऑब्जेक्टिव्ह पारफोकल असतात, म्हणजे एकाला फोकस असले की दुसऱ्यालाही जवळजवळ असते. भिंग कव्हरस्लिपला खेटून जाताना दिसेल, पण लागणार नाही. आता फक्त फाइन स्क्रू, तोही थोडासा मागेपुढे. कोर्स स्क्रूवरून हात काढून घ्या.

हाय पॉवरला चित्र अंधारते, तेव्हा डायफ्राम उघडावा. माझ्या मते साऱ्या मायक्रोस्कोपमध्ये सर्वांत दुर्लक्षित भाग हाच. लो पॉवरला डायफ्राम थोडा मिटलेला ठेवला की पेशीच्या फिकट भिंती उठून दिसतात. हाय पॉवरला तो तसाच राहिला तर उजेड कमी पडतो, रेषांच्या कडेला दुहेरी सावल्या येतात आणि बारीक तपशील पुसट होतो. रंग न दिलेली स्लाइड असेल तर थोडा मिटवून पाहावे, रंगीत असेल तर उघडावा.

आता फाइन स्क्रू सावकाश फिरवत राहा. ४५× ला एका वेळी सुमारे एक मायक्रोमीटर जाडीचाच थर स्पष्ट असतो. पेशी त्याहून कितीतरी जाड. म्हणून आधी वरची भिंत दिसते, मग ती विरते आणि कडेला सरकलेले गुलाबी केंद्रक दिसू लागते. मधली जागा मोठ्या रिक्तिकेने व्यापलेली असते, म्हणून केंद्रक कडेला दाबले गेलेले असते. "केंद्रक दिसत नाही" अशी तक्रार येते तेव्हा पुष्कळदा विद्यार्थ्याने स्क्रू वरच्या भिंतीशीच थांबवलेला असतो.

कधी कधी १०× ला सगळे सुरेख दिसते आणि ४५× ला काही केल्या फोकस येत नाही. अशा वेळी स्लाइड काढून पाहा. बहुधा ती उलटी ठेवलेली असते, कव्हरस्लिप खाली. स्लाइडची काच एक ते सव्वा मिलिमीटर जाड असते. १०× ला पाच-सात मिलिमीटर जागा असल्याने एवढी काच मध्ये आली तरी चालते. ४५× ला अर्धाच मिलिमीटर आहे; फोकस येण्याआधी भिंग काचेला टेकते. दोन कव्हरस्लिपा एकमेकींना चिकटून गेल्या असल्या तरी चित्र धूसर राहते, कारण हे भिंग ०.१७ मिलिमीटर जाडीची एकच कव्हरस्लिप गृहीत धरून बनवलेले असते.

डाग दिसला तर स्लाइड थोडी हलवा. डाग हलला तर तो स्लाइडवर आहे. नाही हलला तर आयपीस फिरवा. त्याबरोबर फिरला तर आयपीसवर. दोन्हीत नाही, तर बहुधा ऑब्जेक्टिव्ह लेन्स पेपरने पुसायला हवा, रुमालाने नाही.

तोंडी परीक्षेत प्रतिमेचा प्रश्न हमखास येतो. वर्तमानपत्रातले बारीक अक्षराचे कात्रण स्लाइडवर ठेवून १०× ने पाहा: शिरोरेषा खाली दिसेल आणि अक्षराची डावी बाजू उजवीकडे गेलेली असेल. स्लाइड डावीकडे सरकवली की चित्र उजवीकडे जाते. ऑब्जेक्टिव्ह नळीच्या आत वस्तूची मोठी, उलटी आणि वास्तव प्रतिमा तयार करतो. आयपीस साध्या भिंगासारखा तिला आणखी मोठी करून आभासी प्रतिमा दाखवतो, पण सुलटी करत नाही. अँटनी व्हॅन लेव्हेनहूकने एकाच छोट्या भिंगातून जीवाणू पाहिले होते, तो साधा सूक्ष्मदर्शक. दोन भिंगांचे हे काम साखळीने होते म्हणून आपला संयुक्त.

मग मॅग्निफिकेशन: आयपीस गुणिले ऑब्जेक्टिव्ह, १० गुणिले ४५, म्हणजे ४५०. इथे हुशार परीक्षक पुढे विचारतात, "१५× आयपीस लावला तर जास्त दिसेल का?" आकडा ६७५ होईल, पण नवे काही दिसणार नाही. तपशील ठरतो ऑब्जेक्टिव्हच्या न्यूमरिकल अपर्चरवरून. ४५× वर बहुधा ०.६५ असे कोरलेले असते. हिरव्या उजेडात असे भिंग सुमारे अर्ध्या मायक्रोमीटरपर्यंत जवळचे दोन बिंदू वेगळे दाखवते. त्याहून जवळचे बिंदू एकच ठिपका होतात आणि आयपीस तो ठिपका मोठा करून दाखवतो, एवढेच. न्यूमरिकल अपर्चरच्या हजारपट, म्हणजे इथे ६५०, ही उपयोगी वाढीची साधारण मर्यादा मानतात.

१००× ला तेल का, याचे उत्तरही इथेच आहे. काचेतून हवेत येताना तिरके किरण बाहेर वळतात आणि भिंगाच्या हाती लागत नाहीत. इमर्शन ऑइलचा अपवर्तनांक सुमारे १.५१५, जवळजवळ काचेएवढाच. त्यामुळे किरण न वळता भिंगात शिरतात, अपर्चर १.२५ पर्यंत जाते आणि भेद सुमारे पाव मायक्रोमीटरवर येतो. ४५× मात्र कोरडे भिंग आहे. तेल लावलेल्या स्लाइडवर ते आणू नका, टोकाला तेल लागले की प्रत्येक स्लाइड धूसर दिसते.

काम संपले की आधी १०× जागेवर आणा, मग स्लाइड काढा. ४५× लावलेले असताना स्लाइड ओढून काढली तर तिच्या कडेने भिंगाची काच खरवडते.