कर्ता हरवलेला हुकूम

धुळ्यापासून १ जुलै १९९८ रोजी वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यात, अक्कलकुवा-अक्राणीच्या डोंगरांत, वनहक्काचा दावा करणाऱ्या माणसाची घरची बोली बहुधा भिली किंवा पावरी असते. मराठी त्याला शाळेत आणि कचेरीत भेटलेली असते. अशा माणसाच्या हाती इंग्रजी साच्यातून उतरलेला पुढील हुकूम पडला, अशी कल्पना करू: 'सदर दावा उपविभागस्तरीय समितीद्वारे विचारात घेण्यात येऊन पुरेशा पुराव्यांअभावी फेटाळण्यात येत असून, याविरुद्ध साठ दिवसांत अपील केले जाऊ शकते.'

गैरसमज : कर्मणी प्रयोग टाळला की मराठी सरळ होते.

वस्तुस्थिती : 'तलाठ्याने पंचनामा केला' हे वाक्य कर्मणीच आहे, 'पंचनामा' काढून 'मोजणी' घातली की 'केला'चे 'केली' होते, यावरून ते ताडता येते. तरीही ते अस्सल मराठी वाटते, कारण करणारा 'ने' प्रत्यय लावून वाक्याच्या तोंडाशीच उभा आहे. बोजडपणा प्रयोगाने येत नाही, तर 'तलाठ्याद्वारे पंचनामा करण्यात आला' अशा, इंग्रजी रचनेचा शब्दशः उतारा करणाऱ्या वाक्याने येतो.

गैरसमज : 'करण्यात येत आहे' असे लिहिल्याने हुकुमाला वजन येते.

वस्तुस्थिती : वजन कायद्याच्या कलमाला आणि निर्णय करणाऱ्याच्या अधिकाराला असते. वरचा हुकूम असा लिहिता येईल: 'उपविभागस्तरीय समितीने आपला दावा तपासला. आपण जोडलेले पुरावे पुरेसे नाहीत, असे ठरवून समितीने तो फेटाळला. हा निर्णय मान्य नसल्यास आपण निर्णयाच्या तारखेपासून ६० दिवसांत जिल्हास्तरीय समितीकडे दाद मागू शकता.' कर्त्यांना जागा देताच मूळ मसुद्यातील उणिवा उघड झाल्या: दाद कोणी मागायची, कोणाकडे, आणि दिवस केव्हापासून मोजायचे, हे तिथे नव्हतेच. कोणता पुरावा कमी पडला, हे मात्र अजूनही लिहायचे राहिले आहे. ते भाषांतरकाराने कल्पनेने भरू नये, मूळ निर्णयातून मागून घ्यावे.

गैरसमज : म्हणून प्रत्येक वाक्यात कर्ता घालावाच.

वस्तुस्थिती : वनहक्क कायद्याच्या कलम ४(५)प्रमाणे, अन्यथा तरतूद नसल्यास, हक्कांची मान्यता व पडताळणी पुरी होईपर्यंत वननिवासीला कब्जातील वनजमिनीवरून हटवता येत नाही; मात्र हटवणारा कोण, हे कलम सांगत नाही. सुलभतेच्या मोहाने 'वनखाते हटवणार नाही' असे लिहिले, तर इतर कोणी हटवण्यास मोकळे आहे असा अर्थ निघेल आणि संरक्षण आकसेल. येथे 'हटवता येणार नाही' हे रूपच योग्य, कारण त्यात कर्ता मोकळा राहतो आणि वाक्य मराठीही राहते. तसेच कोणी मंजूर केला हे मुळात नसेल, तर 'निधी मंजूर करण्यात आला'ऐवजी 'निधी मंजूर झाला' एवढे पुरे. सारांश, मुळात कर्ता असेल तर त्याला वाक्याच्या तोंडाशी आणावे, आणि नसेल तर आपल्या पदरचा घालू नये.